रिकामा बसलेला वर्ग

मागच्या हिवाळ्यात नातीची वही सहज चाळली. पोरगी तिसरीत आहे, गावातल्याच शाळेत. वहीत एकच धडा चारदा उतरवलेला. अक्षर सुरेख, काना-मात्रा जागच्या जागी. मी विचारलं, "हे काय वो माय, एकच गोष्ट चारदा?"

"आबाजी, मॅडम चौथीले शिकवतात ना, तवा आम्ही लिहितो."

"आन लिहून झालं की?"

"मंग पुन्हा लिहितो."

तिच्यासाठी ही साधी गोष्ट होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला. पाच तासांच्या शाळेत निम्मा वेळ मॅडम दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे माझी नात रोज अडीच तास नुसती हात चालवून राहिली. वावरात मजूर लावून त्याला तेच तास चारदा निंदायला सांगितलं, तर लोक मला येड्यात काढतील. शाळेत तेच चाललं तर आपण म्हणतो, पोरगं शांत बसलं होतं, म्हणजे शाळा चांगली आहे.

ही गोष्ट पारावर काढली तर दोन प्रकारची उत्तरं आली. एक म्हणाला, "काका, दोन वर्ग एका खोलीत म्हटल्यावर असंच होणार. अशा शाळा बंदच करा, पोट्टे गाडीनं उमरेडला पाठवा." दुसरा म्हणाला, "चालते हो, आपणही असंच शिकलो." मला दोघांशीही भांडायचं आहे.

पहिल्याला आधी सांगतो. दोन वर्ग एका खोलीत हा काही आमच्या गावावर कोसळलेला अपघात नाही. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात लिहिलं आहे की पहिली ते पाचवीत साठपर्यंत पोरं असली तर दोन शिक्षक. पाच वर्ग आणि दोन शिक्षक! हिशेब करायला मॅट्रिकही लागत नाही. एका शिक्षकाच्या पदरात दोन-अडीच वर्ग पडणार हे कायद्यानंच धरलेलं आहे. पण पाठ्यपुस्तक येतं एका वर्गाचं, वेळापत्रक येतं एका वर्गाचं, आणि तपासायला येणारा विचारतो तेही एका वर्गाचं. बैलजोडी एक द्यायची आणि दोन औतं एकाच वेळी चालव म्हणायचं, असा हा प्रकार. मग 2023 साली वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची गोष्ट सरकारातून निघाली. त्यावर आमच्या गावानं बोंब मारली ती बरोबरच होती. सात-आठ वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात गाडीत कोंबून दुसऱ्या गावी पाठवायचं, हा काही शिकवण्यावरचा इलाज नाही.

आता दुसऱ्याला. "आपणही असंच शिकलो" हे खोटं आहे. माझे गुरुजी चारही वर्ग एका खोलीत सांभाळत, पण कोणता वर्ग कधी काय करील हे त्यांच्या डोक्यात आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असे. सकाळी आम्ही पोचायच्या आधी फळ्याच्या दोन्ही अंगांना काम लिहिलेलं असे. एक वर्ग बोलत असला की दुसरा लिहीत असे. तेव्हा मला वाटे, गुरुजींचा दराराच तसा. तो दरारा नव्हता, तयारी होती, हे मला गेल्या वर्षी कळलं. नातीच्या शाळेत नव्या मॅडम आल्या, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा माणूस म्हणून मी दोन दिवस त्यांच्या खोलीत मागं बसलो.

त्यांची एक साधी वही होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. आडव्या ओळी पंधरा-वीस मिनिटांच्या. प्रत्येक ओळीत एका बाजूला लाल खूण, म्हणजे तेवढा वेळ मॅडम त्या वर्गापाशी. मला म्हणाल्या, "काका, एका ओळीत दोन्हीकडे लाल खूण आली तर माझी चूक, कारण मी एकच आहे. आणि जिथे लाल खूण नाही तिथे काम लिहिलेलं नसलं, तर ती त्याहून मोठी चूक."

गणिताचा तास सांगतो, म्हणजे कळेल. तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवायची होती, चौथीला भागाकार. वरून पाहिलं तर दोन वेगळे धडे. मॅडमनी दोन्हीचं मूळ एकच पकडलं होतं: दहाचा गठ्ठा सोडायचा. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. पहिली पाच मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र, गठ्ठा बांधायचा आणि सोडायचा.

मग तिसरीकडे वळायच्या आधी त्यांनी चौथीला कामाला लावलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शिकवायला लागलं आणि मग दुसऱ्या वर्गाला "तुम्ही हे करा" म्हटलं, की शिकवणं तुटतं आणि दोन्हीकडे गोंधळ माजतो. चौथीला दिली कालच्याच रीतीची चार उदाहरणं, नवं काहीच नाही. उत्तरांचं कार्ड भिंतीच्या खिळ्याला उलटं टांगलेलं. आपण सोडवायचं आणि मग जाऊन ताडून पाहायचं. लवकर झालं तर पाचवं काम: आपल्या घरच्या वस्तूंवर भागाकाराचं एक उदाहरण बनवा.

तेवढ्यात तिसरीत बावनातून सत्तावीस वजा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. दोनातून सात जात नाहीत. एक गठ्ठा सोडला, चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. बारातून सात गेले, पाच उरले. चारातून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. पोरांनी हातानं केलं, मग पाटीवर लिहिलं. पंधरा मिनिटं झाली. मॅडमनी दोन मिनिटं चौथीत फेरी मारली, कुणाचं कुठं अडलं ते पाहिलं आणि पारडं फिरवलं. आता तिसरी जोडीजोडीनं काड्या घेऊन सरावाला, मॅडम चौथीकडे. शहाण्णव काड्या चौघांत वाटायच्या. नऊ गठ्ठ्यांतले दोन-दोन चौघांना, उरला एक. तो सोडला, दहा आणि सहा सोळा झाल्या, प्रत्येकाला चार. चोवीस. चौथीतला एक पोट्टा ओरडला, "मॅडम, तिसरीनं फोडला तोच गठ्ठा!" त्या ओरडण्यासाठीच तो तास बांधला होता.

दुपारी परिसर अभ्यासाला दोन्ही वर्ग एकत्र. विषय एकच, गावातली पिकं. तिसरीनं नावं आणि चित्रं काढली, चौथीनं कोणतं पीक कधी पेरतात, कधी काढतात याचा तक्ता केला. खिचडीनंतर डोळे जड होतात, तेव्हा नवा धडा नाहीच. भाषेच्या तासाला एक नियम त्या कडक पाळत: मॅडम एका वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवत असतील, तर दुसऱ्याला वाचायचं काम नाही, लिहायचं किंवा चित्राचं. बाजूला आवाज चालू असताना आठ वर्षांच्या लेकराला मनात वाचता येत नाही.

बिघडलं की ते दिसतंही. टेबलापाशी "मॅडम, झालं" म्हणत रांग लागली, की समजावं काम फार सोपं होतं किंवा ताडायचं कार्ड नव्हतं. रिकाम्या वर्गातली पोरं शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागली, की काम न शिकवलेलं होतं. आणि पोरं अगदी शांत, माना खाली, पण वहीत फक्त फळ्यावरचं उतरलेलं, तर तो सगळ्यात वाईट बिघाड, कारण तो बाहेरून चांगला दिसतो. माझ्या नातीची वही तीच होती.

याला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. पहिलीच्या लेकराला वाचता येत नाही, ते एकटं सात-आठ मिनिटांच्या वर टिकत नाही. त्याच्या हातात चिंचोके, मणी, माती लागते. दुसरा शिक्षक रजेवर, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दोनाचे चार वर्ग होतात, आणि मधल्या रेघेची वही कामाची राहत नाही. कापूस वेचणीत अर्धी पोरं घरी असतात, तेव्हा नवा धडा काढला तर तो पुन्हा काढावा लागतो.

एक धोका मात्र जुना आहे. मोठ्या पोरानं लहान्याला शिकवणं आपल्या पंतोजींच्या शाळांत चालत असे. मद्रासेत अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश माणसानं धुळीत अक्षरं गिरवणारी आपली पोरं पाहिली, मोठ्या पोरांकरवी लहान्यांना शिकवण्याची रीत बसवली आणि 1797 साली लंडनात त्यावर पुस्तक छापलं. विलायतेत ती रीत गाजली ती स्वस्त होती म्हणून, एका मास्तरात शेकडो पोरं. आजही कुणी "बहुवर्ग अध्यापन" असं भारी नाव देऊन शिक्षकाची जागाच रिकामी ठेवू पाहील, तर तो तोच हिशेब. मॅडम चौथीच्या पोराला तिसरीची पाटी तपासायला लावत, पण शेवटची पाच मिनिटं, आणि रोज वेगळ्याला. चौथीचं पोर शिकायला आलं आहे, फुकटची रोजंदारी करायला नाही.

म्हणून माझं म्हणणं दोघांनाही आहे. साहेबांनो, दोन वर्गांचा शिक्षक देता, तर दोन वर्गांचं वेळापत्रक, दोन फळे आणि तयारीला रोजचा अर्धा तास द्या. तो अर्धा तास माहिती भरण्यात खाऊ नका. आणि गावकऱ्यांनो, समितीच्या बैठकीत भिंतीच्या रंगावर दोन तास भांडता, त्यातली पाच मिनिटं काढा. एकच प्रश्न विचारा: अकरा ते सव्वा अकरा मॅडम चौथीपाशी होत्या, तेव्हा तिसरी काय करत होती? "लिहीत होती" असं उत्तर आलं, तर घरी जाऊन वही उघडा.

मी उघडली होती. आता नातीच्या वहीत एक धडा एकदाच असतो. अक्षर पहिल्यापेक्षा थोडं बिघडलं आहे, खाडाखोड आहे. परवा तिनं जेवताना माझ्यापुढं काड्यांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाली, "आबाजी, हा सोडल्याबिगर सात जातच नाहीत."