लॅपटॉप चोरीला गेला, नकाशावर ठिपका दिसला. पण तो कालचा होता!

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राची बॅग पुण्याहून मुंबईला येताना रेल्वेत चोरीला गेली. दादरला उतरताना त्याने वर पाहिलं, तर रॅक रिकामा. पॅन्टच्या खिशात फोन होता. त्याने प्लॅटफॉर्मवरच मला फोन केला, ‘तू इंजिनीअर ना? लॅपटॉप ट्रॅक करून दे.’

लॅपटॉप विंडोजचा, पाच-सहा वर्षं जुना. त्याने फोनवर account.microsoft.com/devices हे पान उघडलं. नकाशावर ठिपका होता, तो त्याच्या पुण्यातल्या घरावर. वेळ आदल्या रात्रीची. त्याला वाटलं ट्रॅकिंग बिघडलंय. पण बिघडलं काहीच नव्हतं, त्याची अपेक्षा चुकली होती.

लॅपटॉप म्हणजे मोठा फोन नव्हे

फोनमध्ये सिम असतं, त्यामुळे तो खिशातही ऑनलाइन राहतो. बहुतेक लॅपटॉपना इंटरनेट मिळतं ते घरच्या वायफायवरून किंवा तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. झाकण बंद झालं, फोन दूर गेला, की लॅपटॉपचा जगाशी संपर्क संपला. नकाशावर दिसते ती त्याची शेवटची नोंद. हरवलेला फोन ‘संचार साथी’वरून ब्लॉक करता येतो, कारण त्याला आयएमईआय क्रमांक असतो. सिम नसलेल्या लॅपटॉपला तो नसतो, त्यामुळे ती वाटही बंद.

मित्राने `Lock` दाबलं. हा आदेश लॅपटॉप पुन्हा ऑनलाइन आल्यावरच पोहोचतो. चोराने वायफाय जोडलंच नाही, किंवा पेनड्राइव्हवरून नवं विंडोज टाकलं, तर तो कधीच पोहोचत नाही. आणि दुरून सगळं पुसून टाकायचं बटण? विंडोजच्या घरगुती खात्यात ते नाहीच. कंपनीच्या लॅपटॉपवर आयटी विभागाने तशी व्यवस्था केलेली असेल, तर तो विभाग पुसू शकतो. त्यामुळे ऑफिसचा लॅपटॉप गेला, तर पहिला फोन आयटीला करा.

मॅकची गोष्ट थोडी बरी आहे. `Find My` चालू असेल तर इंटरनेट नसतानाही आजूबाजूच्या ॲपल उपकरणांमार्फत जागा कळू शकते. दुरून लॉक करता येतो आणि पुसताही येतो. नव्या मॅकवर पुसल्यानंतरही तुमच्या ॲपल खात्याशिवाय तो सुरू करता येत नाही. म्हणूनच पुसल्यावर तो मॅक खात्यातून काढू नका, नाहीतर हे कुलूप तुम्हीच उघडून दिल्यासारखं होईल. ‘तुमचं उपकरण सापडलं, इथे लॉगिन करा’ असा मेसेज आला, तर त्यातली लिंकही उघडू नका. चोरांना तुमचा पासवर्ड हवा असतो तो याचसाठी.

खरा प्रश्न डिस्कचा

मित्राच्या लॅपटॉपची किंमत एव्हाना फारशी उरली नव्हती. त्याला घाम फुटला तो एका फोल्डरमुळे. गृहकर्जासाठी स्कॅन केलेले वडिलांचे आधार, पॅन, बँकेचे उतारे त्यात होते. ‘पण पासवर्ड आहे ना?’ असं त्याने दोनदा विचारलं.

विंडोजचा पासवर्ड दार बंद करतो, पण डिस्कच बाहेर काढली तर दाराचा उपयोग नाही. मागचे स्क्रू काढून एसएसडी दुसऱ्या संगणकाला जोडायला दहा मिनिटं पुरतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर सगळ्या फाइल्स सरळ वाचता येतात. एन्क्रिप्ट केलेली असेल, तर हाती लागतो तो निरर्थक डेटा.

ती एन्क्रिप्टेड होती का, हे लॅपटॉप गेल्यावरही फोनवरून पाहता येतं. aka.ms/myrecoverykey या पानावर लॅपटॉपच्या नावासमोर ४८ अंकी रिकव्हरी की दिसली, तर एन्क्रिप्शन बहुधा सुरू होतं. मित्राच्या पानावर एकही की नव्हती. फोल्डर उघडाच होता, असं धरून आम्हाला पुढे जावं लागलं.

जे फोनवरून लगेच करता येतं

मग त्याने अशा गोष्टी केल्या ज्या लॅपटॉप ऑनलाइन येण्याची वाट पाहत नाहीत. myaccount.google.com वर जाऊन सुरक्षेच्या पानावरच्या उपकरणांच्या यादीतून लॅपटॉप साइन आउट केला. व्हॉट्सॲपच्या `Linked devices` मधून तो काढला. आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. मग ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बाकीचे. एवढ्याने खाती वाचली. डिस्कवरच्या फाइल्स मात्र वाचल्या नाहीत.

रेल्वे पोलिसांकडे ‘हरवला’ नव्हे, तर ‘चोरीला गेला’ अशी तक्रार द्यायची होती. तिथे सिरियल नंबर विचारला, तो नव्हता. खोकं केव्हाच रद्दीत गेलं होतं. शेवटी जुन्या ईमेलमधल्या बिलावर सापडला. लॅपटॉप अजून मिळालेला नाही.

आज संध्याकाळी एवढं करा

विंडोज ११ वर सेटिंग्जमध्ये `Privacy & security` उघडा. तिथे `Device encryption` दिसलं, तर ते चालू आहे का बघा. दिसलं नाही, तर तुमच्याकडे विंडोज प्रो असल्यास बिटलॉकर शोधा. दोन्ही नसतील, तर कागदपत्रांचे स्कॅन पासवर्ड घातलेल्या झिप फाइलमध्ये ठेवा किंवा लॅपटॉपवर ठेवूच नका. मॅकवर याच सोयीला फाइलव्हॉल्ट म्हणतात.

रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. ती हरवली, तर एखाद्या दुरुस्तीनंतर तुमचीच डिस्क तुम्हाला उघडणार नाही. म्हणून एन्क्रिप्शनच्या जोडीला बॅकअप हवाच.

त्याच पानावर `Find my device` चालू करा. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेलं असावं लागतं आणि लोकेशन चालू असावं लागतं. दुकानात तयार करून दिलेल्या लोकल खात्यावर ते चालत नाही. मग पॉवरशेल उघडून हा आदेश द्या आणि दिसलेल्या सिरियल नंबरचा फोनवर फोटो काढा:

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

आता माझं मत. प्रवासात लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटवू नका, तो पूर्ण शटडाउन करा. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली मेमरीत राहते, शटडाउनमध्ये राहत नाही. बंद विंडोज लॅपटॉप नकाशावर हलणार नाही, हे मान्य. पण त्या दिवशी दादरला आम्ही नकाशाकडे अर्धा तास बघत बसलो आणि ठिपका जागचा हलला नाही. एन्क्रिप्शन चालू असतं, तर तोच अर्धा तास आम्ही फक्त तीस-चाळीस हजारांच्या यंत्राची हळहळ केली असती. मित्र मात्र अजूनही दर काही महिन्यांनी वडिलांचा क्रेडिट रिपोर्ट उघडून बघतो, त्यांच्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना.