एका ताऱ्याची सरासरी

सातवीला आपण सरासरी शिकवतो आणि निबंधाच्या तासाला तक्रार अर्ज. हे दोन्ही धडे एकाच दिवशी कामी आलेला माझा एक माजी विद्यार्थी आहे. दिवसा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, संध्याकाळी भोसरी-मोशी भागात जेवणाची पार्सले पोचवतो.

एका गुरुवारी सकाळी त्याला ॲपवर संदेश आला : "तुमचे रेटिंग घसरले आहे, खाते तपासणीखाली आहे." त्याच्या कंपनीत सरासरी ४.५ च्या खाली गेली की संध्याकाळच्या चांगल्या वेळा आधी निवडता येत नाहीत, आणि रविवारपर्यंत ती वर आली नाही तर खाते थांबू शकते. कोणत्या ग्राहकाने किती तारे दिले, हे ॲप सांगत नाही. मग तक्रार करायची तरी कशाबद्दल?

तो माझ्याकडे आला. आम्ही वही घेतली. बुधवारी दुपारी २० रेटिंगची सरासरी ४.६ होती, म्हणजे बेरीज ९२. गुरुवारी सकाळी रेटिंग २१ आणि सरासरी ४.४३, म्हणजे बेरीज ९३. वाढ फक्त १ ची. कोणीतरी एकच तारा दिला होता. बुधवारी संध्याकाळी गडबड झालेली ऑर्डरही एकच होती, त्यामुळे शोध तिथेच संपला. (ॲप फक्त शेवटची ठरावीक रेटिंग मोजत असेल, तर एक जुने रेटिंग गळून पडते. मग ही वजाबाकी इतकी सरळ जमत नाही, हे मुलांनाही सांगा.)

४.५ वर परत यायला सलग तीन वेळा पाच तारे हवेत. ऐकायला सोपे वाटते. पण दहा ऑर्डरमागे एखादाच ग्राहक तारे देतो, असा त्याचा अनुभव. म्हणजे साधारण तीस ऑर्डर, आणि त्याही चांगल्या वेळा हातात नसताना.

त्याने कंपनीला आधीच लिहिले होते : "सर माझी काही चूक नाही, मी खूप प्रामाणिक आहे, कृपया बघा." उत्तर आले ते छापील. माझ्या मते असा अर्ज फेटाळला जाणारच, कारण त्यात तपासण्यासारखे काहीच नाही. आपणच मुलांना "आपला आज्ञाधारक"वर जास्त गुण देतो आणि मजकुरावर कमी!

मग ऑर्डरच्या नोंदी उघडल्या. ऑर्डर स्वीकारली ७.५८ ला, हॉटेलवर पोचला ८.०६ ला, पार्सल हातात आले ८.४१ ला, सोसायटीच्या गेटवर ९.०४, दारात ९.१२. एकूण ७४ मिनिटे. त्यातली ३५ हॉटेलने घेतली आणि ८ गेटवर गेली, कारण रखवालदाराने गाडी आत सोडली नाही. त्याच्या हातात होता तो प्रवास म्हणजे दोन्ही मिळून ३१ मिनिटांचा. दुसऱ्या अर्जात ऑर्डर क्रमांक, या वेळा, नोंदीच्या पानाचा फोटो आणि एकच मागणी होती : उशीर हॉटेलचा आहे, हे रेटिंग माझ्या सरासरीतून वगळा. नवी तक्रार न करता जुन्याच तक्रार क्रमांकावर उत्तर दिले, म्हणजे आधीचा छापील जबाबही सोबत राहिला.

शनिवारी रात्री रेटिंग वगळले गेले. दोन संध्याकाळच्या बुडालेल्या कमाईबद्दल मात्र एक शब्द नाही. आणि नोंदीत न दिसणारा दोष असता, समजा "उद्धट बोलला", तर हा अर्ज टिकला नसता. तिथे त्याचा शब्द एका बाजूला आणि तारा दुसऱ्या बाजूला.

माझा आक्षेप इथेच आहे. शाळेत एका निनावी चिठ्ठीवरून आपण मुलाचे नाव पटावरून काढतो का? आधी कारण सांगतो, पालकांना बोलावतो. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात गिग कामगारांसाठी जवळपास हेच केले : काम बंद करायचे तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना, ग्राहकाला शारीरिक इजेसारखा प्रकार असेल तरच सूट. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही व्याख्या आली, पण तिचा भर विमा, आरोग्य अशा लाभांवर आहे. ताऱ्यांविरुद्ध दाद मागायची वाट त्यातून निघत नाही. ती वाट महाराष्ट्रानेही कायद्याने द्यावी असे मला वाटते, आणि त्यात कोणत्या ऑर्डरला किती तारे व कोणत्या कारणाने, हे कामगाराला दिसलेच पाहिजे.

त्या मोशीच्या ग्राहकाला यातले काही कळलेले नाही. जेवण गार होते, राग आला, बोट टेकवले. त्याच्या फोनवर हॉटेलचे तारे आणि पोचवणाऱ्याचे तारे वेगवेगळे होते, एकाखाली एक.