विश्लेषण : १८ टक्के शेअर हाती, तरी कंपनी बाहेरचा रस्ता दाखवू शकते? ‘आर्टिकल्स’मध्ये नेमके काय असते?

टाटा सन्समधून सायरस मिस्त्री यांना २४ ऑक्टोबर २०१६ रोजी अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. त्यानंतरच्या न्यायालयीन लढाईत एक कागद सतत चर्चेत राहिला, तो म्हणजे कंपनीची नियमावली, अर्थात ‘आर्टिकल्स ऑफ असोसिएशन’.

मेमोरँडम आणि आर्टिकल्समध्ये फरक काय?

कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य, उद्दिष्टे, भागधारकांची जबाबदारी आणि भांडवल हे मेमोरँडममध्ये असते. म्हणजे कंपनी काय आहे, हे त्यातून कळते. ती चालवणार कोण, शेअर कोणाला विकता येतील आणि संचालकांना किती अधिकार, हे आर्टिकल्स ठरवतात. खासगी कंपनीच्या आर्टिकल्समध्ये शेअर हस्तांतरणावर निर्बंध असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

टाटा सन्सच्या नियमावलीत काय होते?

कलम ७५ नुसार कंपनी विशेष ठराव करून कोणत्याही भागधारकाला त्याचे शेअर हस्तांतरित करायला लावू शकते. ठराव झाला की त्याने स्वतःच विक्रीची नोटीस दिली, असे मानले जाते. कलम १२१ संचालक मंडळाबाबत आहे. त्यानुसार महत्त्वाच्या निर्णयांना टाटा ट्रस्टनी नेमलेल्या संचालकांपैकी बहुसंख्यांची संमती लागते.

१८ टक्क्यांनी ठराव रोखता येतो का?

विशेष ठरावासाठी बाजूची मते विरोधातील मतांच्या किमान तिप्पट हवीत. मिस्त्री कुटुंबाच्या शापूरजी पालनजी समूहाकडे १८.३७ टक्के शेअर होते, तर टाटा ट्रस्टकडे सुमारे ६६ टक्के. १८.३७ ची तिप्पट ५५.११ होते. म्हणजे फक्त या दोघांनीच मतदान केले, तरी ठराव मंजूर होतो. सर्वांनी मतदान केल्यास तो रोखायला २५ टक्क्यांहून अधिक मते लागतात.

न्यायालय काय म्हणाले?

डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने कलम ७५ च्या वापरावर बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी तो निकाल फिरवला. स्वेच्छेने भागधारक झालेल्या आणि नियमावलीतील बदलांना संमती देणाऱ्या व्यक्तीला नंतर त्याच नियमावलीला आव्हान देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

मग नियमावलीला मर्यादाच नाही?

आहे. कंपनी कायद्याशी विसंगत कलम टिकत नाही. भागधारकांना साध्या ठरावाने संचालक हटवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तो आर्टिकल्स काढून घेऊ शकत नाहीत. आर्टिकल्स बदलण्यासाठीही विशेष ठरावच लागतो. म्हणजे अल्पमतातील भागधारकाला एखादे कलम नको असेल, तर घासाघीस पैसे गुंतवण्याआधीच करावी लागते. नंतर मतांचे गणित त्याच्या बाजूने नसते.