शंभर किलोबाइटांची चौकट

बँकांतील नोकरभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या, मुंबईतील 'आयबीपीएस' या संस्थेच्या अलीकडच्या जाहिरातींत उमेदवारांना एक अट घातलेली असते. छायाचित्र, सही आणि अंगठ्याचा ठसा यांच्याबरोबर स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेले एक घोषणापत्रही जेपीईजी स्वरूपात पाठवावयाचे आणि त्याची फाईल पन्नास ते शंभर किलोबाइटांच्या दरम्यान बसवावयाची. अट वाचावयास सोपी आहे. परंतु अखेरच्या तारखेच्या आदल्या रात्री अनेकांचे घोडे अडते ते येथेच.

उमेदवार बहुधा एका कोऱ्या फुलस्केपवर ऐसपैस मजकूर लिहितो व मोबाईलने त्याचे पान टिपतो. मोबाईलमधील स्कॅनर त्याची पीडीएफ बनवितो. आता तिचे जेपीईजी करावयाचे. एखाद्या संकेतस्थळावर फाईल चढविली की चित्र मिळते, पण ते असते दीड-दोन हजार किलोबाइटांचे. मग 'दर्जा' कमी करण्याचे बटण दाबत राहावयाचे. आकडा एकदाचा शंभराच्या आत येतो आणि तोवर अक्षरांचा चिखल झालेला असतो.

दोष बटणाचा नाही, हिशेबाचा आहे. ए-फोर आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपके या मापाने उतरविले तर त्याचे चित्र 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपक्यांचे होते. शंभर किलोबाइट म्हणजे सुमारे आठ लाख बिटे. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला एक दशांश बिटही येत नाही. जेपीईजीची पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतील बारीक फरक टाकून देण्याची आहे. हस्ताक्षरात तर बारीक फरक हाच सारा ऐवज! त्यातही कागदाच्या कोऱ्या भागावरील सावली आणि खरखर आपला वाटा खाऊन बसतात, ते वेगळेच.

मौज अशी की या कोड्याचे उत्तर जाहिरातीतच दिलेले असते. ते वाचले जात नाही एवढेच. घोषणापत्राचे माप तेथे 800 गुणिले 400 ठिपके, इंचाला दोनशे, म्हणजे कागदावर सुमारे दहा सेंटिमीटर रुंद व पाच सेंटिमीटर उंच, असे सांगितलेले असते. एवढ्या चित्रात ठिपके होतात अवघे तीन लाख वीस हजार. तेच आठ लाख बिटे आता वाटली तर प्रत्येकाला अडीच मिळतात आणि अक्षर स्वच्छ राहते. मर्यादा कडक भासते ती पानभर चित्र तिच्यात कोंबणाऱ्याला. तेव्हा कामाची सुरुवात संगणकावर नव्हे, कागदावर व्हावयास हवी. वरच्या व डाव्या कडेपासून एकेक इंच सोडून दहा बाय पाचची चौकट पेन्सिलीने आखावी आणि मजकूर तिच्यातच लिहावा. सतरा सेंटिमीटर रुंदीच्या ओळी लिहून नंतर त्या 800 ठिपक्यांत आवळल्या, तर इंचाला जेमतेम 120 ठिपके उरतात व बारीक अक्षर तुटू लागते.

पीडीएफमधून एवढाच तुकडा काढण्यासाठी 'पॉपलर' या मोफत संचातील एक आज्ञा पुरते:

```
pdftoppm -jpeg -jpegopt quality=90 -r 200 -f 1 -l 1 -x 200 -y 200 -W 800 -H 400 -singlefile ghoshana.pdf ghoshana
```

येथे `-x` आणि `-y` हे कडांपासूनचे अंतर असून दोनशे ठिपके म्हणजे एक इंच. अर्थात, स्कॅनरने पान पुरते कडेपर्यंत आणि खऱ्या मापाने घेतलेले असले पाहिजे; नसेल तर हे आकडे पाहून बदलावे लागतात. फाईल शंभराच्या वर गेली तर `quality` थोडी उतरवावी, आणि पन्नासाच्या खाली गेली तर चढवावी. ही खालची मर्यादा पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. अतिउत्साहाने पिळलेली फाईल तिच्यापायीही परत येते. चित्र मूळ आकारात उघडून पाहावे. अक्षरांभोवती करड्या ठिपक्यांची धूळ दिसली तर दाब जास्त झाला असे समजावे. फाईलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून पीडीएफचे जेपीईजी होत नाही, हेही येथे सांगणे भाग आहे. तो प्रयोग करणारे थोडे नाहीत.

परंतु सारा भार उमेदवारावरच टाकणे न्याय्य नाही. ज्याच्याजवळ संगणक नाही तो अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली आपली सही, अंगठा आणि हस्ताक्षर करतो. ती पुढे कोठे साठतात, त्याला ठाऊक नसते. मोठी फाईल स्वीकारून ती ठरावीक मापाला आणण्याचे काम परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या यंत्रांना क्षणाचे आहे. निदान पडद्यावर एक चौकट दाखवून उमेदवाराला तेथेच तुकडा कापू द्यावा, आणि फाईल नाकारताना ती मोठी आहे, लहान आहे की जेपीईजीच नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. पुढच्या भरतीची जाहिरात निघण्यापूर्वी एवढे करण्यास फार मोठा खर्च यावयाचा नाही.