विश्लेषण : संसार मोडला, पण दोष सिद्ध झाला नाही, मग घटस्फोट मिळतो का?

पती-पत्नी दहा-बारा वर्षे वेगळे राहत आहेत. एकत्र येण्याची शक्यता दोन्हीकडच्या नातेवाइकांनीही सोडून दिली आहे. तरीही एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको, अशी स्थिती असेल तर खटला अडतो. कारण हिंदू विवाह कायदा ‘संसार मोडला आहे का’ हे विचारत नाही, ‘तो कोणाच्या चुकीने मोडला’ हे विचारतो. कोणाचीच चूक सिद्ध झाली नाही तर काय, याचे उत्तर परभणीच्या न्यायालयात, औरंगाबाद खंडपीठात आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळे मिळते.

कायद्यात नेमके काय आहे?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. त्यातील कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणे दिली आहेत. व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर ही त्यातली प्रमुख. दोघेही राजी असतील तर कलम १३-ब प्रमाणे संमतीने घटस्फोट मिळतो. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात कौटुंबिक न्यायालयही माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे दोघे राजी असतील तर फारसा पेच उरत नाही.

‘विवाह पुन्हा सावरण्यापलीकडे तुटला आहे’ हे कारण मात्र या कलमात कुठेच नाही. विशेष विवाह कायद्यातही नाही.

पुण्याच्या दास्ताने खटल्यात काय झाले होते?

दोष सिद्ध करण्यावर उभा असलेला कायदा कुठे अडतो, हे पाहायला महाराष्ट्रातलाच एक जुना खटला पुरेसा आहे. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा निकाल आजही क्रूरतेच्या जवळपास प्रत्येक खटल्यात उद्धृत होतो. विवाह १९५६ मध्ये पुण्यात झाला. १९६१ मध्ये पती-पत्नी वेगळे झाले आणि १९६२ मध्ये पतीने न्यायालयात धाव घेतली. त्याने एकाच अर्जात तीन पर्यायी मागण्या केल्या होत्या. फसवणूक झाली म्हणून विवाह रद्द करा, ते नाही तर मनोविकाराच्या कारणाने घटस्फोट द्या, तेही नाही तर क्रूरतेच्या कारणाने न्यायिक विभक्तता द्या. त्या काळी क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, फक्त विभक्तता मिळे.

पहिल्या न्यायालयाने पहिल्या दोन मागण्या फेटाळल्या आणि क्रूरता मान्य करून विभक्तता दिली. अपिलात ती गेली. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पतीचे अपील फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९ मार्च १९७५ रोजी आला आणि तो न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पतीच्या बाजूची होती. वैवाहिक खटल्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते ते पाहायचे, आणि तसे पाहता क्रूरता झाली आहे. दुसऱ्या गोष्टीने मात्र खटलाच बुडाला. त्या वर्तनानंतरही दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले, १९६१ मध्ये तिसरे अपत्य झाले. म्हणजे पतीने ती क्रूरता माफ केली होती, आणि माफ केलेल्या दोषावर कलम २३ नुसार दाद मिळत नाही. अपील फेटाळले गेले.

दोघे वेगळे होऊन तोवर चौदा वर्षे झाली होती. मुली मोठ्या झाल्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता. पण संसार उरला आहे का, हा प्रश्न चारही न्यायालयांपुढे नव्हताच. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, कायदा बदलला. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले आणि परस्परसंमतीचे कलमही आले. संसार तुटणे हे स्वतंत्र कारण मात्र तेव्हाही आले नाही.

आज परभणीत असा दावा लागला तर?

एक कल्पित उदाहरण घेऊ. जिंतूर तालुक्यातला पती, सोनपेठ हे पत्नीचे माहेर. विवाह २०११ चा. २०१४ पासून ती माहेरी आहे. पती परित्याग आणि क्रूरता या दोन कारणांवर दावा दाखल करतो. पत्नी लेखी जबाबात म्हणते, ‘मला घराबाहेर काढले, मी आजही नांदायला तयार आहे.’

या एका वाक्याने परित्यागाचा मुद्दा डळमळतो. केवळ वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे. सबळ कारणाशिवाय आणि कायमचे सोडण्याच्या हेतूने गेल्याचे सिद्ध व्हावे लागते, आणि नांदायला तयार असल्याचे पत्नी खरोखर दाखवू शकली तर तो हेतूच उरत नाही. क्रूरतेचे म्हणाल तर ‘नीट बोलत नव्हती, सासूशी भांडत होती’ यापलीकडे पुरावा नसेल, तर न्यायालय त्याला संसारातली रोजची कुरबुर समजते. दावा फेटाळला जातो. ‘आता हे एकत्र येणे अशक्य आहे’ असे न्यायाधीशाचे प्रामाणिक मत असले तरी तेवढ्यावर घटस्फोटाचा हुकूमनामा देण्याचा अधिकार त्याला नाही. अपील औरंगाबाद खंडपीठात जाते, पण कायद्याची हीच मर्यादा उच्च न्यायालयालाही आहे.

मग खालच्या न्यायालयांत काहीच वाट नाही?

आहे, आणि ती थोडी विचित्र आहे. वरच्या उदाहरणातली पत्नी केवळ जबाबात न थांबता कलम ९ खाली ‘नांदवण्याचा’ हुकूम मागते आणि तो तिला मिळतो, असे समजू. त्यानंतर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर कलम १३ (१-अ) नुसार दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकते. ज्याच्या विरोधात हुकूम झाला तो पतीसुद्धा! १९६४ च्या दुरुस्तीने ही सोय आली. न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्ष गेले तरी हेच लागू होते. नांदण्यासाठी मिळवलेला हुकूम अशा रीतीने घटस्फोटाची पायरी ठरू शकतो. पत्नीला हे आधी कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

इथे एक अडसर आहे. स्वतःच्या गैरकृत्याचा फायदा घेता येत नाही. नुसते नांदायला न जाणे हे असे गैरकृत्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. पण २००१ मध्ये कर्नाटकातील एका खटल्यात पतीला याच वाटेने घटस्फोट नाकारला गेला, कारण विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर त्याने पत्नी व मुलीची पोटगी थकवली होती आणि परस्त्रीशी संबंधही चालूच ठेवले होते. पोटगीच्या पावत्या किंवा त्यांचा अभाव अशा दाव्यात निर्णायक ठरतो, तो यामुळे.

दुसरी वाट क्रूरतेच्या अर्थातून जाते. २६ एप्रिल २०२३ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठापुढे दिल्लीचे एक जोडपे होते. जेमतेम चार वर्षे एकत्र आणि पंचवीस वर्षे वेगळे, मूल नाही, एकमेकांविरुद्ध खटल्यांची रांग. असे नाते चालू ठेवणे हीच दोघांवरची क्रूरता, असे म्हणून न्यायालयाने कलम १३ मधील क्रूरतेच्याच कारणावर विवाह संपवला. हा अर्थ कलम १३ चा असल्याने तो परभणीतल्या दाव्यातही मांडता येतो. मात्र दीर्घ विभक्ततेच्या जोडीला कटुतेची ठोस नोंद लागते. तीन-चार वर्षांच्या अबोल्यावर हे चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला जास्तीचा अधिकार कोणता?

राज्यघटनेचे कलम १४२. समोरच्या प्रकरणात ‘संपूर्ण न्याय’ करण्यासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार या कलमाने फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. तो घटस्फोटासाठी वापरता येतो का, यावर १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘शिल्पा शैलेश’ प्रकरणात निर्णय दिला. निकाल न्या. संजीव खन्ना यांनी लिहिला. पीठात महाराष्ट्राचे न्या. अभय ओक होते. गंमत म्हणजे ज्या जोडप्याचे हे प्रकरण, त्यांचा घटस्फोट २०१५ मध्येच झाला होता. कायद्याचा प्रश्न तेवढा मागे उरला होता.

उत्तर ‘होय’ असे आले. एका जोडीदाराचा विरोध असला तरी, दोष सिद्ध झाला नसला तरी, विवाह पूर्ण मेला आहे अशी खात्री पटल्यास सर्वोच्च न्यायालय तो संपवू शकते. ही खात्री कशावरून करायची तेही सांगितले आहे. दोघे किती काळ एकत्र राहिले, शेवटचे कधी, आरोप कोणत्या स्वरूपाचे, मध्यस्थीचे किती प्रयत्न झाले, मुले किती वयाची, पोटगीची तरतूद काय. सहा वर्षे किंवा अधिक काळ विभक्त राहणे हा महत्त्वाचा घटक धरला आहे, पण सहा वर्षे झाली की घटस्फोट, असे मुळीच नाही. हा पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे. त्यासाठी थेट रिट याचिका करता येत नाही, ना दिल्लीत ना खंडपीठात. जिंतूरच्या माणसाला आधी परभणी, मग खंडपीठ आणि मगच दिल्ली, असाच प्रवास करावा लागतो. ज्याला तितकी वर्षे आणि तितका वकिलीखर्च झेपतो त्यालाच ही दाद मिळते, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे.

दिल्लीपर्यंत पोहोचले की घटस्फोट नक्की?

नाही. घटनापीठाच्या निकालानंतर पाचच महिन्यांनी, १० ऑक्टोबर २०२३ रोजी, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. बेला त्रिवेदी यांनी असा घटस्फोट नाकारला. पती ८९ वर्षांचे, हवाई दलातील निवृत्त अधिकारी. पत्नी ८२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. विवाह १९६३ चा आणि खटला १९९६ पासूनचा. ‘घटस्फोटिता म्हणून मरायचे नाही,’ एवढेच पत्नीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले. भारतीय समाजात विवाहाला असलेले भावनिक मोल दुर्लक्षून कलम १४२ चा सरसकट वापर करता येणार नाही, असे कारण दिले. सत्तावीस वर्षे चाललेला दावा पतीच्या हाती काही न देता संपला.

कायदाच का बदलत नाहीत?

प्रयत्न झाला आहे. विधी आयोगाने १९७८ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये हे कारण कायद्यात घालण्याची शिफारस केली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला तसे सुचवले. २०१० चे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले. तीन वर्षे वेगळे राहिल्यास हे कारण मांडता येईल, अशी त्यात तरतूद होती. पतीने अर्ज केला आणि घटस्फोटामुळे आपली गंभीर आर्थिक कोंडी होईल असे पत्नीने दाखवले, तर न्यायालय तो नाकारू शकले असते. पतीच्या मालमत्तेतून पत्नीची तरतूद करण्याचे कलमही होते. सोनपेठला माहेरी राहणाऱ्या, स्वतःचे उत्पन्न नसलेल्या बाईसाठी याचा अर्थ स्पष्ट होता. आज तिच्या हाती सौदा करण्यासाठी ‘मी नांदायला तयार आहे’ एवढेच वाक्य आहे. विधेयकाने तिला त्याऐवजी पैशाचा प्रश्न थेट मांडण्याची जागा दिली असती. लोकसभेची मंजुरी मिळण्याआधीच २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक रद्दबातल झाले.