विश्लेषण : युरोपचा रेल्वे पास खरेच स्वस्त पडतो का?

‘एक पास, ३३ देश, हवा तेवढा प्रवास’ असे युरोपच्या रेल्वे पासचे वर्णन केले जाते. महाराष्ट्रातून स्वतःच्या हिंमतीवर युरोप पाहायला निघणाऱ्या अनेकांच्या यादीत विमान तिकिटानंतर हाच खर्च येतो. पण पास घेतला म्हणजे गाडीत बसण्याचा हक्क मिळालाच, असे नाही. अनेक गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, तर काही गाड्यांत पास चालतच नाही. त्यामुळे पास घ्यावा की नाही, याचे उत्तर पासच्या किमतीपेक्षा प्रवासाच्या मार्गावर अधिक अवलंबून आहे.

पास नेमका कोणासाठी?

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’ हा पास १९५९ मध्ये सुरू झाला. युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’ हा पास १९७२ मध्ये आला. कोणता पास मिळणार, हे पासपोर्टवर ठरत नाही, तर वास्तव्यावर ठरते. पुण्याहून जाणाऱ्या आईवडिलांना युरेल घ्यावा लागेल. जर्मनीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला मात्र इंटररेल घ्यावा लागेल आणि स्वतः राहते त्या देशात तिला त्यावर जाण्याचा आणि येण्याचा मर्यादितच प्रवास करता येईल. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांसोबत मोफत असतो, पण त्यांच्या आसनाच्या आरक्षणाचे पैसे भरावे लागतात.

सलग पास आणि फ्लेक्सी पास यांत फरक काय?

सलग पास १५ दिवस, २२ दिवस, एक, दोन किंवा तीन महिने अशा मुदतीचा असतो. त्या मुदतीत रोज कितीही गाड्या बदलता येतात, पण ज्या दिवशी गाडीत बसणार नाही, तो दिवसही मोजला जातो. फ्लेक्सी पासमध्ये एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, अथवा दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस निवडता येतात. हे दिवस लागोपाठ असण्याची गरज नाही.

‘प्रवासाचा दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ. त्या दिवसात एक गाडी पकडली काय आणि पाच पकडल्या काय, दिवस एकच खर्च होतो. रात्रीच्या गाडीला सोयीचा नियम आहे. रात्री दहाला व्हिएन्नाहून सुटून सकाळी झुरिकला पोहोचणाऱ्या गाडीसाठी फक्त सुटण्याचा दिवस मोजला जातो. मात्र सकाळी झुरिकला उतरून इंटरलाकेनची गाडी धरली, की दुसरा दिवस खर्च झाला.

पास आता मोबाइलवर Rail Planner या ॲपमध्ये असतो. प्रत्येक प्रवास त्यात आधी नोंदवावा लागतो, मग तिकीट तपासनिसाला दाखवायचा कोड तयार होतो. फ्लेक्सी पासचा नोंदवलेला दिवस तो सुरू होण्याआधी रद्द करता येतो. दिवस सुरू झाल्यावर तो परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसाची नोंद आदल्या रात्री केली, तरी बेत पक्का असेल तरच ती तशी ठेवावी.

पास असताना आरक्षणाचे पैसे कशाला?

पास म्हणजे भाडे, आरक्षण म्हणजे जागा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांतर्गत बहुतेक गाड्यांत आरक्षण ऐच्छिक आहे. पास नोंदवावा, गाडीत चढावे आणि मोकळी जागा पाहून बसावे. जर्मनीच्या आयसीई गाडीत हक्काची जागा हवीच असेल, तर सुमारे पाच युरोंत ती मिळते.

फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांचे तसे नाही. तिथे प्रत्येक प्रवासी आसनासह मोजलेला असतो, म्हणून आरक्षण सक्तीचे. फ्रान्सच्या देशांतर्गत टीजीव्हीला साधारण १० ते २० युरो, इटलीच्या फ्रेच्चारोसाला साधारण १३ युरो, तर पॅरिस–लंडन युरोस्टारला ३० युरोंच्या पुढे मोजावे लागतात. हे दर अधूनमधून बदलतात. पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. युरोस्टारमध्ये आणि फ्रान्सहून बाहेर जाणाऱ्या टीजीव्हीमध्ये पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. गाडीत जागा शिल्लक असते, पूर्ण भाड्याचे तिकीटही विकत मिळते, पण पासधारकांचा कोटा संपलेला असतो. उन्हाळी सुट्टीत हे हमखास घडते.

अधिभार हा आणखी वेगळा प्रकार आहे. रात्रीच्या गाडीत झोपण्याच्या बर्थसाठी तो भरावा लागतो आणि बर्थच्या दर्जानुसार वाढत जातो. स्वित्झर्लंडच्या बर्निना एक्स्प्रेससारख्या निसर्गदर्शन गाड्यांतही पासवर भाडे माफ असते, पण आरक्षण आणि अधिभार द्यावाच लागतो. गंमत अशी, की सेंट मोरित्झ ते तिरानो या त्याच रुळांवरून साधी प्रादेशिक गाडीही धावते. तिला आरक्षण नाही, अधिभार नाही, आणि खिडकीतून दिसणारे डोंगरही तेच असतात. छतापर्यंत गेलेल्या काचा तेवढ्या नसतात.

इटलीची इटालो आणि फ्रान्सची स्वस्त विगो या गाड्यांत पास अजिबात चालत नाही. पॅरिसची मेट्रो आणि लंडनची ट्यूबही पासबाहेर आहे.

एका सहलीचा हिशोब

समजा, पुण्याचे एक जोडपे १४ दिवसांसाठी निघाले आहे. मार्ग नेहमीचाच : पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. यात गाडीचे मोठे दिवस पाचच आहेत. पॅरिसहून बासेलमार्गे इंटरलाकेन, इंटरलाकेनहून एक दिवस ल्युसर्नला जाऊन परत, मग मिलानमार्गे व्हेनिस, त्यानंतर फ्लोरेन्स आणि शेवटी रोम. एजंटने सुचवलेला १५ दिवसांचा सलग पास दुसऱ्या वर्गासाठी साधारण ४७५ युरोंना पडतो. त्यातले नऊ-दहा दिवस हे जोडपे पायी किंवा मेट्रोने शहर पाहत असणार. त्यापेक्षा पाच दिवसांचा फ्लेक्सी पास साधारण ३२० युरोंत मिळतो. इथपर्यंत फ्लेक्सीच बरा.

आता आरक्षण धरू. पॅरिस–बासेल टीजीव्हीला सुमारे ३० युरो, मिलानकडे सीमा ओलांडणाऱ्या गाडीला सुमारे १३, मिलान–व्हेनिस, व्हेनिस–फ्लोरेन्स आणि फ्लोरेन्स–रोम यांना प्रत्येकी १३. म्हणजे माणशी ८० युरोंच्या आसपास वाढले आणि ३२० चा पास ४०० वर गेला.

शेवटचा टप्पा वेगळा काढून पाहिला, की चूक लगेच दिसते. ३२० भागिले पाच, म्हणजे पासचा एक दिवस ६४ युरोंना पडला. त्यात १३ युरो आरक्षण, एकूण ७७. पण फ्लोरेन्स ते रोम हा प्रवास दीड तासाचा आहे. त्याचे ऐनवेळचे पूर्ण तिकीटही साधारण ६० युरोंच्या आत असते आणि काही आठवडे आधी काढल्यास ते त्याच्या निम्म्यात मिळू शकते. घाई नसेल, तर विनाआरक्षणाची प्रादेशिक गाडी चारेक तासांत आणखी स्वस्तात पोहोचवते. व्हेनिस–फ्लोरेन्सचेही गणित असेच. इटलीतले हे दोन दिवस पासवर घालवणे म्हणजे स्वस्त वस्तूसाठी महाग कूपन फाडणे.

मग पास कुठे परवडतो?

तेच जोडपे फ्रँकफर्टला उतरून म्युनिक, व्हिएन्ना, झुरिक, इंटरलाकेन असे फिरले, तर चित्र पालटते. पाच दिवसांचा तोच पास, सक्तीचे आरक्षण एकही नाही. फ्रँकफर्ट–म्युनिक किंवा व्हिएन्ना–झुरिकचे ऐनवेळचे तिकीट प्रत्येकी शंभर युरोंच्या पुढे जाते, आणि स्विस भाडी तर मुळातच चढी. व्हिएन्नाहून झुरिकला उतरून त्याच संध्याकाळी इंटरलाकेन गाठले, तर तो तुकडा त्याच दिवसात बसतो. म्युनिकला पाऊस असेल, तर गाडी दुपारची धरता येते. पासचा खरा उपयोग तो हाच.

बचतीचा मुद्दा मात्र एकतर्फी नाही. हीच तिकिटे दोन-तीन महिने आधी काढली, तर सवलतीत मिळतात आणि पासपेक्षा स्वस्त पडू शकतात. पण अशी तिकिटे बहुधा परत होत नाहीत, आणि भारतीय पर्यटकाची अडचण इथेच आहे. शेंगेन व्हिसा हातात पडेपर्यंत परत न होणारी तिकिटे काढणे म्हणजे जुगार. व्हिसा उशिरा आला, तर तोवर स्वस्त तिकिटे संपलेली असतात. न वापरलेला, सक्रिय न केलेला नेहमीचा पास मात्र साधारण १५ टक्के कापून परत करता येतो. खास सवलतीत घेतलेल्या पासला ही सोय नसते, हे खरेदीआधी पाहावे.

निर्णय कसा घ्यावा?

आधी पास आणि मग मार्ग, हा क्रम उलटा करायला हवा. गाडीचे मोठे दिवस कागदावर लिहावेत. प्रत्येक दिवसासमोर त्या मार्गाचे तिकीट आज किती आहे, हे त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून लिहावे आणि आरक्षण सक्तीचे आहे का, याची नोंद करावी. ज्या दिवसाचे तिकीट पासच्या एका दिवसाच्या किमतीत आरक्षण मिळवून येणाऱ्या रकमेपेक्षा कमी आहे, तो दिवस यादीतून काढावा. उरलेले दिवस चारपेक्षा कमी असतील, तर पास नकोच. चार किंवा अधिक असतील, तर तेवढ्याच दिवसांचा फ्लेक्सी पास घ्यावा. सलग पास दर एक-दोन दिवसांनी गाव बदलणाऱ्या पाठपिशवीवाल्यांचा आहे. एका शहरात तीन-चार रात्री राहणाऱ्या कुटुंबाला तो क्वचितच लागतो.

पास घेतलाच, तर सक्तीच्या आरक्षणाच्या गाड्यांची जागा पास घेतला त्याच आठवड्यात नक्की करावी. आणि पास विकणाऱ्या एजंटकडे एक गोष्ट आग्रहाने मागावी : पासची किंमत आणि ठरलेल्या मार्गावरील सर्व आरक्षणे, अधिभार एकाच कागदावर. ग्राहक ‘हवा तेवढा प्रवास’ म्हणून ३२० युरो मोजत असेल आणि स्टेशनवर पोहोचल्यावर त्याला आणखी ८० भरावे लागत असतील, तर तो आकडा विक्रीच्या वेळीच सांगणे हे विकणाऱ्याचे काम आहे.