स्थिर आहे, पण शमत नाही

स्विच उघडल्यावर कॉइलमधला प्रवाह पाहता पाहता शून्य व्हायला हवा. पण सिम्युलेटरच्या आलेखात पुष्कळदा व्होल्टेज प्रत्येक पायरीला चिन्ह बदलत करवतीच्या दात्यांसारखे उड्या मारताना दिसते. यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पद्धत अस्थिर झाली. दुसरा म्हणतो, ट्रॅपेझॉइड नियम ए-स्थिर असल्याचे सिद्धच झालेले आहे, तेव्हा ही थरथर खऱ्या सर्किटचीच असणार. दोन्ही पक्ष चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते, कारण तिच्या पाठीशी प्रमेय उभे असते.

ते प्रमेय खोटे नाही. १९६३ साली स्वीडिश गणिती गेर्मुंड डाल्क्विस्ट यांनी ए-स्थिरतेची व्याख्या मांडली. मूळ समीकरणाचे उत्तर क्षय पावणारे असेल, तर पायरी कितीही मोठी घेतली तरी संख्यात्मक उत्तरही शेवटी शून्याकडे जावे, एवढीच तिची अट. बहुपायरी पद्धतींमध्ये ए-स्थिर पद्धतीची अचूकता दुसऱ्या कोटीच्या पुढे जात नाही आणि त्या मर्यादेत ट्रॅपेझॉइडचा त्रुटी-स्थिरांक सर्वांत लहान असतो, हेही त्यांनीच दाखवले. पण ‘शेवटी शून्याकडे जाते’ म्हणजे ‘लवकर शमते’ असे या प्रमेयात कुठेही म्हटलेले नाही.

हे आकड्यांत पाहू. कॉइल १ मिलिहेन्रीची आणि उघडलेल्या स्विचचा रोध १ मेगओम. कालस्थिरांक निघतो १ नॅनोसेकंद. स्विच उघडताना प्रवाह १ मिलिअँपिअर उरला आहे आणि सिम्युलेशनची पायरी १ मायक्रोसेकंदाची, म्हणजे कालस्थिरांकाच्या हजारपट आहे. प्रत्यक्षात पहिली पायरी संपण्याच्या फार आधी प्रवाह नाहीसा झालेला असतो.

ट्रॅपेझॉइड नियम पायरीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा उतार घेऊन त्यांची सरासरी वापरतो. सुरुवातीचा उतार आहे सेकंदाला उणे दहा लाख अँपिअर. तो तसाच लागू केला तर एका मायक्रोसेकंदात प्रवाह एका अँपिअरने घसरायला हवा, आणि इथे तर मुळात मिलिअँपिअरच शिल्लक आहे. हिशेब जुळायचा तर शेवटचा उतार जवळजवळ तेवढाच, पण उलट दिशेचा असावा लागतो. उतार प्रवाहाच्या प्रमाणात असल्याने प्रवाहच उलटा होतो: १ मिलिअँपिअरचे होतात उणे ०.९९६. स्विचच्या दोन टोकांमध्ये ९९६ व्होल्ट उलट्या दिशेने दिसतात, पुढच्या पायरीला सुलट्या, आणि असेच पुढे. शंभर पायऱ्यांनंतरही ६७० व्होल्ट शिल्लक असतात. एका पायरीत ज्याने उत्तर गुणले जाते तो गुणक असा:

`(1 + z/2) / (1 - z/2)`

इथे z म्हणजे पायरी भागिले कालस्थिरांक, उणे चिन्हासह. आपल्या उदाहरणात −१०००. z उणे अनंताकडे गेला की गुणक −१ कडे जातो. म्हणजे जो घटक प्रत्यक्षात सर्वांत लवकर मरतो, तोच इथे सर्वांत जास्त काळ जगतो.

बॅकवर्ड ऑयलर सुरुवातीच्या उताराकडे पाहतच नाही, फक्त शेवटचा विचारात घेतो. त्याचा गुणक `1 / (1 - z)`, आपल्या उदाहरणात १/१००१. पहिल्याच पायरीत हजार व्होल्टचा एक व्होल्ट होतो आणि दुसऱ्या पायरीत मिलिव्होल्ट. ए-स्थिरता असावी आणि शिवाय z उणे अनंताकडे जाताना गुणक शून्याकडे जावा, या दोन अटी मिळून एल-स्थिरता होते. बायरन एली यांनी १९६९ च्या प्रबंधात ती मांडली.

मग सगळीकडे बॅकवर्ड ऑयलरच वापरावा, असे म्हणणारा तिसरा पक्षही आहे. त्याचेही ऐकू नये. रोधच नसलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या दोलनात, एका रेडियनला दहा पायऱ्या घेतल्या, तर शंभर पायऱ्यांत बॅकवर्ड ऑयलर आयाम ६१ टक्क्यांवर आणतो. एवढ्यात दोन आवर्तनेही पुरी झालेली नसतात! ट्रॅपेझॉइड तो आयाम अबाधित ठेवतो. खोटी थरथर दाबण्यासाठी खरे दोलन मारण्यात कसली अचूकता?

खरे आणि खोटे ओळखायला पायरी निम्मी करून पाहावी. खऱ्या दोलनाचा आवर्तकाल हलत नाही. खोट्याचा नेहमी दोन पायऱ्यांएवढाच असतो, म्हणून तोही निम्मा होतो. पण पायरी लहान करणे हा इथे उपाय नाही. चिन्हाची उलटापालट थांबवायला ती २ नॅनोसेकंदांवर आणावी लागेल.

स्पाइसच्या वंशातल्या एनजीस्पाइसमध्ये `.options method=gear` लिहिले की दुसऱ्या कोटीची, एल-स्थिर पद्धत मिळते. वीजजाळ्यांच्या सिम्युलेशनमधली तोड अधिक चतुर आहे: स्विच बदलला की बॅकवर्ड ऑयलरच्या दोन अर्ध्या पायऱ्या घ्यायच्या आणि पुन्हा ट्रॅपेझॉइडवर यायचे. अर्ध्या पायरीच्या बॅकवर्ड ऑयलरमध्ये कॉइलचा समतुल्य रोध पूर्ण पायरीच्या ट्रॅपेझॉइडइतकाच निघतो, त्यामुळे पद्धत बदलली म्हणून मॅट्रिक्स नव्याने मांडावे लागत नाही. आपल्या उदाहरणात या दोन अर्ध्या पायऱ्यांनी मिलिअँपिअरचे सुमारे ४ नॅनोअँपिअर होतात.